वीसपैकी गुण असलेले परदेशी गुणपत्रक, मथळा वाळवीने खाल्लेला : देश कोणता असावा?

वैदेही_रत्नागिरी

आमचे काका रत्नागिरीत आखातातील नोकऱ्यांसाठी माणसे पाठवण्याचे कार्यालय चालवत असत. ते गेल्यानंतर घराच्या माळ्यावरची त्यांची पेटी या पावसाळ्याच्या आधी उतरवली, तेव्हा तळाच्या फायलींना वाळवी लागलेली दिसली. बहुतेक कागद छायाप्रती होत्या. त्यांत एक गुणपत्रक मात्र मूळ प्रत आहे असे वाटते, कारण खाली ओल्या शिक्क्याच्या निळ्या शाईचा अर्धा गोल उरला आहे. ते कोणाचे तरी असणार आणि शक्य झाल्यास परत पोहोचवावे, अशी घरातल्या सगळ्यांची इच्छा आहे. अडचण अशी की वरचा चार बोटे भाग आणि विषयांच्या नावांचा डावा रकाना वाळवीने पूर्ण खाल्ला आहे, त्यामुळे नाव, विद्यापीठ आणि देश यांपैकी काहीच उरलेले नाही. जे उरले आहे ते इंग्रजीत आणि आकड्यांत आहे.

प्रत्येक सत्राखाली तीन आकडे आहेत. पहिल्या सत्राखाली १६, १३ आणि १२.४४, दुसऱ्याखाली १७, १५ आणि ११.२५, तर तिसऱ्याखाली १४, १४ आणि १३.८६. कागदाच्या अगदी तळाशी १४१ आणि १३.२७ असे छापले आहे, आणि त्याच्या शेजारी पेन्सिलीने ६६.३५ आणि २.६५ असे दोन आकडे लिहिले आहेत. म्हणजे एकाच कागदावर वीसपैकी गुण, टक्केवारी आणि ग्रेड पॉइंट अशा तिन्ही पद्धती आहेत. २.६५ हा आकडा चारपैकी असेल तर हा कागद अमेरिकेचा समजावा का? ज्यांना अशा कागदांचा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगावे.

कट्टेकर_मालवण

वीसपैकी गुण म्हणजे फ्रान्स, यात शंका घेण्याचे कारण नाही. माझे एक मित्र पाँडिचेरीला फ्रेंच शाळेत शिकवत होते, तिथे सगळे वीसपैकीच असे. बारा मिळाले तर मुले पेढे वाटायची. तुमच्या कागदावरची १३.२७ ही सरासरी तिकडच्या मानाने चांगली म्हटली पाहिजे. काकांच्या व्यवसायाचा विचार करता फ्रान्स नसेल तर मोरोक्को, अल्जीरिया किंवा ट्युनिशिया असेल, कारण फ्रेंचांनी आपली पद्धत तिथे ठेवून दिली आहे आणि आखातात तिकडची माणसे पुष्कळ असतात.

सलमा_दाभोळ

माझा भाचा फिलिपिन्सला वैद्यकीय शिक्षण घेत आहे. त्याचे पहिले गुणपत्रक आले तेव्हा त्यात १.७५, २.०० आणि १.५० असे आकडे होते. आमच्याकडे सगळ्यांनी ते चारपैकी समजून मुलगा गेला असेच धरले. भाईंनी तर त्याला परत बोलावण्याची भाषा सुरू केली. नंतर कळले की तिकडे १.०० सर्वांत उत्तम, ३.०० ला उत्तीर्ण आणि ५.०० म्हणजे नापास. तेव्हा वैदेहीताई, २.६५ कडे पाहताना तो आकडा वर चढणारा आहे की खाली उतरणारा, हे आधी ठरवावे. हा कागदही फिलिपिन्सचा असू शकतो, तिकडची माणसे आखातात भरपूर आहेत.

पात्रता_विभाग_निवृत्त

मी एका विद्यापीठाच्या पात्रता विभागात बरीच वर्षे काढली आणि आता दापोलीला असतो. परदेशी गुणपत्रकांचे गठ्ठे हाताखालून गेले आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट पेन्सिलीच्या आकड्यांची. वैदेहीताई, १३.२७ ला पाचाने गुणा, ६६.३५ येते. १३.२७ ला पाचाने भागा, २.६५४ येते आणि ते २.६५ असे लिहिले जाते. म्हणजे पेन्सिलीचे दोन्ही आकडे छापील आकड्यापासून साध्या त्रैराशिकाने काढलेले आहेत. ते बहुधा तुमच्या काकांनीच कोणत्या तरी कंपनीच्या अर्जात टक्केवारीचा आणि चारपैकी गुणांकाचा रकाना भरण्यासाठी काढले असावेत. कागदावर तीन पद्धती नाहीत, एकच आहे, आणि देश ओळखण्याच्या कामी पेन्सिलीच्या आकड्यांचा काही उपयोग नाही. अमेरिका आणि फिलिपिन्स हे दोन्ही तर्क त्या २.६५ वर उभे आहेत, म्हणून ते बाजूला ठेवावेत. सलमाताईंनी सांगितलेली गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण जर्मनीतही १.० सर्वोत्तम आणि ४.० ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी असते.

दुसरी गोष्ट अशी की ‘वीसपैकी’ एवढ्यावरून देश ठरत नाही. फ्रान्स आणि त्याच्या जुन्या वसाहती, बेल्जियम, पोर्तुगाल, मोझांबिक, अंगोला, इराण, पेरू आणि व्हेनेझुएला या सगळ्यांकडे शून्य ते वीस ही मोजपट्टी आहे. पट्टीचे वरचे टोक सगळीकडे सारखे असल्यामुळे तिथे पाहून काही कळत नाही. पाहायचे ते खालच्या अंगाला, म्हणजे ज्या गुणांना श्रेयांक मिळाले त्यांतला सर्वांत कमी गुण कोणता आणि ज्यांना मिळाले नाहीत त्यांतला सर्वांत जास्त गुण कोणता. या दोहोंच्या मधल्या फटीत देशाचा नियम दडलेला असतो. त्यानंतर गुणांना अपूर्णांक आहेत का आणि असले तर कोणत्या टप्प्याचे, हे पाहावे. पहिल्या दोन सत्रांतल्या प्रत्येक ओळीतले आकडे जसेच्या तसे इथे लिहाल का? कागदाचे छायाचित्र मात्र चढवू नका, ते दुसऱ्या कोणाचे तरी खासगी कागदपत्र आहे.

वैदेही_रत्नागिरी

अण्णा, मनापासून आभार. छायाचित्र चढवणार नाही. आकडे भिंगातून पाहून लिहीत आहे. पहिला आकडा लहान आणि पूर्ण आहे, दुसरा गुण दिसतो आणि तिसरा त्या दोहोंचा गुणाकार.

पहिले सत्र :

```
3   14.50   43.50
3   11.75   35.25
2   17.00   34.00
4   10.00   40.00
3    9.25   27.75
1   18.50   18.50
```

दुसरे सत्र :

```
3   13.00   39.00
3   10.25   30.75
3   12.50   37.50
2    9.00   18.00
3   10.75   32.25
3   11.25   33.75
```

दुसऱ्या सत्राच्या खाली ११.२५ च्या पुढे इंग्रजीत ‘प्रोब.’ अशी चार अक्षरे आणि टिंब छापलेले आहे. पहिल्या आणि तिसऱ्या सत्रापुढे तसे काही नाही. हा ‘प्रॉब्लेम’ असावा, असे माझ्या भावाचे म्हणणे आहे.

पात्रता_विभाग_निवृत्त

तुमच्या भावाचा तर्क गमतीचा असला तरी तो शब्द ‘प्रोबेशन’ असावा आणि तो या कागदावरचा सर्वांत बोलका शब्द आहे. त्याकडे येतोच, आधी पहिले सत्र पाहू.

श्रेयांकांची बेरीज १६ आणि गुणाकारांची बेरीज १९९ होते. १९९ ला १६ ने भागले की १२.४३७५, म्हणजे छापलेले १२.४४. याचा अर्थ सरासरी श्रेयांकांच्या भाराने काढली आहे आणि नापास विषयही तीत धरला आहे. आता मधला आकडा १३. सोळापैकी तेराच श्रेयांक पदरात पडले, म्हणजे तीन गेले, आणि ज्या ओळीत ३ आहे व गुण दहाच्या खाली आहे अशी एकच ओळ आहे, ती ९.२५ ची. चार श्रेयांकांच्या विषयात काठावर १०.०० मिळाले, ते मात्र धरले गेले. दुसऱ्या सत्रातही १७ पैकी १५ मिळाले, म्हणजे ९.०० चे दोन गेले आणि १०.२५ चे तीन राहिले. तेव्हा उत्तीर्णतेची रेषा बरोबर दहावर आहे, आणि ९.२५ वाल्याला आपल्या मुंबई विद्यापीठाच्या भाषेत सरळ केटी लागली आहे.

आता कट्टेकरांच्या फ्रान्सकडे येऊ. वीसपैकी दहाला उत्तीर्ण, इथपर्यंत त्यांचे बरोबर आहे. पण फ्रेंच विद्यापीठांत एका विषयातली कमतरता दुसऱ्या विषयातल्या जास्तीने भरून काढण्याची प्रथा आहे. सत्राची सरासरी दहाच्या वर असली की ९.२५ सारखा विषय सहसा पोटात घेतला जातो आणि विद्यार्थ्याला त्याचे श्रेयांक मिळतात. या विद्यार्थ्याची सरासरी १२.४४ असूनही ९.२५ चे श्रेयांक मिळालेले नाहीत. फ्रान्समध्येही काही अभियांत्रिकी संस्थांचे नियम कडक असतात, म्हणून त्याला मी पूर्णपणे बाद करत नाही, पण तो यादीत बराच खाली सरकतो.

पेरूमध्ये बहुतेक ठिकाणी पदवीला ११ ही उत्तीर्णतेची रेषा असते, तिथे १०.०० आणि १०.२५ ला श्रेयांक मिळाले नसते. पोर्तुगाल आणि व्हेनेझुएलात विषयाचा अंतिम गुण साधारणपणे पूर्णांकात नोंदवतात. तुमच्या कागदावर मात्र .२५, .५० आणि .७५ हे पाव गुणांचे टप्पे स्पष्ट दिसतात आणि मधला एकही अपूर्णांक नाही.

सावंतवाडीकर

पोर्तुगालचे नाव निघाले म्हणून लिहितो. माझ्या आजोबांचे शिक्षण पोर्तुगीज राजवटीत पणजीच्या लिसेवमध्ये झाले. त्यांचा कागद आम्ही काचेत लावून ठेवला आहे. त्यावरही वीसपैकीच गुण आहेत, सगळे पूर्णांकात, आणि ते आकड्याबरोबर अक्षरांतही लिहिलेले आहेत. चौदा मिळाले म्हणून आजोबा आयुष्यभर ताठ मानेने सांगत आणि आम्ही मनात म्हणायचो की सत्तर टक्क्यांत काय एवढे. तेव्हा काकांकडचा कागद गोव्याचाच नसेल कशावरून? आपल्या भागातून गोव्याला शिकायला गेलेली माणसे काही कमी नव्हती.

पात्रता_विभाग_निवृत्त

आजोबांच्या कागदावरचे पूर्णांक माझ्या म्हणण्याला पुष्टीच देतात. लिसेवच्या काळात श्रेयांकांची पद्धतही नव्हती, आणि वैदेहीताईंच्या कागदाचा सगळा सांगाडाच श्रेयांकांचा आहे. राहिले चौदांचे सत्तर टक्के करणे, तो हिशेब आजोबांवर अन्याय करणारा आहे. तिकडे चौदापासून ‘चांगला’ हा शेरा सुरू होतो आणि अठराच्या वर फार थोडे जातात. पट्टी वीसची असली तरी तिचा वापराचा भाग दहा ते सतरा-अठरा एवढाच असतो, त्यामुळे पाचाने गुणून आलेली टक्केवारी आपल्या टक्केवारीच्या पंक्तीला बसत नाही.

आणि टक्केवारी तरी सगळीकडची एकसारखी कुठे आहे? पेन्सिलीचे ६६.३५ घ्या. आपल्याकडे साठाच्या वर प्रथम वर्ग असल्याने हा विद्यार्थी प्रथम वर्गाचा ठरेल. इंग्लंडमध्ये प्रथम वर्ग सत्तरला सुरू होतो, म्हणून तिथे तो द्वितीय वर्गाच्या वरच्या भागात जाईल. चीनमध्ये उत्तीर्णतेची रेषाच साठावर असल्याने तिथे तो कसाबसा निभावलेला दिसेल. म्हणून टक्केवारीच्या कागदावरही मी आधी काठावर उत्तीर्ण झालेला विषयच शोधत असे. पस्तीस-चाळीसला श्रेयांक मिळालेले दिसले की नजर भारत आणि इंग्लंडच्या वळणाच्या देशांकडे जायची, आणि ५८ ला नापास दिसले की ती साठाच्या रेषेचे देश शोधायची.

जहाजी_अलिबाग

मी व्यापारी जहाजांवर इंजिनिअर आहे. धागा वाचत होतो, पण अजून पटलेले नाही. पाव गुण हा काही देशाचा पुरावा होऊ शकत नाही, तो एखाद्या प्राध्यापकाचा स्वभावही असू शकतो. आमच्या प्रशिक्षणाच्या वेळी एक सर अर्ध्या अर्ध्या गुणासाठी भांडत असत. शिवाय तुम्ही एकेक देश बाद करत चालला आहात, पण जो उरेल तोच खरा असे कसे म्हणता येईल? तुमच्या यादीत नसलेला देशही असू शकतो.

पात्रता_विभाग_निवृत्त

आक्षेप रास्त आहे. पाव गुण एकाच विषयात असते तर मीही ते सोडून दिले असते. इथे बारा ओळींपैकी पाच ओळींत पाव किंवा पाऊण आहे, आणि एवढ्या विषयांचे प्राध्यापक वेगवेगळे असणार. म्हणून ती कार्यालयाची रीत वाटते.

नुसते बाद करून उत्तर मिळत नाही हेही खरे. म्हणूनच ‘प्रोब.’ ला महत्त्व आहे. दुसऱ्या सत्राची सरासरी ११.२५ आहे, म्हणजे उत्तीर्णतेच्या दहापेक्षा वर, तरीही इशारा दिलेला आहे. पहिल्या सत्राला १२.४४ असताना इशारा नाही. याचा अर्थ या संस्थेत दोन रेषा आहेत : एक विषयाची, दहावर, आणि दुसरी सत्राच्या सरासरीची, ११.२५ आणि १२.४४ यांच्या मध्ये कुठेतरी. इराणमध्ये पदवीला विषयाची रेषा १० आणि सत्र सरासरीची रेषा १२ असते. बाराच्या खाली सरासरी गेली की विद्यार्थी ‘मशरूत’ ठरतो, आणि पुढच्या सत्रात त्याला जास्तीत जास्त १४ श्रेयांकच घेता येतात. आता तिसऱ्या सत्राचा पहिला आकडा पुन्हा पाहा. सोळा आणि सतरा श्रेयांक घेणारा विद्यार्थी इशाऱ्यानंतरच्या सत्रात नेमक्या चौदावर आला आहे.

तळाचे १४१ हे एकूण श्रेयांक असावेत. इराणी पदवीचे एकूण श्रेयांक साधारण १४० च्या आसपास असतात. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला सहसा १२० लागतात आणि युरोपातल्या हल्लीच्या पद्धतीत वर्षाला ६० धरले जातात, म्हणजे तीन वर्षांचे १८०. यांतल्या कशाशीही १४१ जुळत नाहीत. आणखी एक बारीक गोष्ट म्हणजे पहिल्या सत्रातली १ श्रेयांक आणि १८.५० गुण असलेली ओळ. प्रयोगशाळेची असू शकेल, पण इराणी गुणपत्रकांत शारीरिक शिक्षणाचा असा एक श्रेयांकाचा विषय असतो आणि त्यात गुण सढळ हाताने दिलेले दिसतात. ही शेवटची ओळ मी पुराव्यात धरत नाही, नजरेला आली म्हणून सांगितली.

कट्टेकर_मालवण

अण्णा, चौदाचा मुद्दा योगायोगही असू शकतो. आजारपण, घरची अडचण, नोकरी अशा कोणत्याही कारणाने माणूस एखाद्या सत्रात विषय कमी घेतो. लेबननमध्येही वीसची पट्टी आहे ना? आणि तिथे फ्रेंच व अमेरिकी पद्धतींची सरमिसळ असल्यामुळे श्रेयांकही असतात आणि प्रोबेशनही.

पात्रता_विभाग_निवृत्त

एकटा चौदाचा आकडा योगायोग असू शकतो, हे कबूल. त्याच्या लगेच आधी इशारा आहे म्हणून मी त्याला वजन देतो. लेबननची शक्यता मी खोडून काढू शकत नाही. सांगाड्यावरून इराण सर्वांत जास्त जुळतो, एवढेच म्हणतो. सत्रांना काही क्रमांक किंवा वर्ष उरले आहे का, वैदेहीताई?

वैदेही_रत्नागिरी

उजव्या कडेला प्रत्येक सत्राच्या ओळीत ७२-१, ७२-२ आणि ७३-१ असे छापले आहे. म्हणून आम्ही हा कागद १९७२ चा समजत होतो. पण अक्षरे ठिपक्यांच्या प्रिंटरची आहेत आणि काकांनी कार्यालय उघडले ते १९९५ च्या सुमारास, त्यामुळे घरात यावर वाद चालू आहे. अर्ध्या शिक्क्याच्या खाली तारीखही आहे, ती मी आधी लिहिली नाही, कारण ती उघड उघड चुकीची छापली गेली आहे. ७७/२/३१ अशी ती आहे. फेब्रुवारीला एकतीस दिवस कुठून येणार?

जहाजी_अलिबाग

वैदेहीताई, ती तारीख चुकीची नाही! बंदर अब्बासला आमच्या जहाजाच्या कागदांवर अशाच तारखा पडत असत. तिकडच्या सौर वर्षात पहिले सहा महिने एकतीस दिवसांचे असतात आणि वर्ष आपल्या मार्चच्या वीस-एकवीस तारखेला सुरू होते. दुसऱ्या महिन्याची एकतीस ही अगदी खरी तारीख आहे. ७७ म्हणजे १३७७. पहिला महिना २१ मार्चपासून एकतीस दिवस, दुसरा २१ एप्रिलपासून, म्हणजे त्याचा एकतिसावा दिवस २१ मे १९९८ ला येतो. आणि ७२-१ म्हणजे १३७२ चे पहिले सत्र, आपल्या १९९३ च्या शरद ऋतूतले. मी आतापर्यंत विरोधात बोलत होतो, पण आता माझे मत इराणच्या बाजूने आहे.

सावंतवाडीकर

मग एवढा गुणांचा हिशेब कशाला करायचा होता? तारीख आधी सांगितली असती तर पहिल्या उत्तरातच काम झाले असते.

पात्रता_विभाग_निवृत्त

झाले नसते. हेच सौर वर्ष अफगाणिस्तानातही चालत असे आणि तिथेही पहिले सहा महिने एकतीस दिवसांचेच असत. म्हणजे नुसत्या तारखेने दोन देश उरले असते. अफगाणिस्तानातल्या विद्यापीठांची गुणपत्रके शंभरपैकी गुणांची असतात, वीसपैकी नाहीत. तारखेने लेबनन, मोरोक्को, पोर्तुगाल हे सगळे गेले आणि मोजपट्टीने काबूल गेले. माझ्या मते आता इराण धरून चालायला हरकत नाही. विद्यापीठ कोणते हे मात्र या आकड्यांतून निघणार नाही, कारण सत्र सरासरीचा नियम तिथे देशभर सारखाच असतो.

पेन्सिलीच्या २.६५ बद्दल आणखी एक सांगतो, कारण असे त्रैराशिक आपल्याकडे सर्रास केले जाते आणि त्यात उमेदवाराचे कधी नुकसान तर कधी फुकटचा फायदा होतो. चारपैकी खरा गुणांक सरासरीला भागून निघत नाही. प्रत्येक विषयाच्या गुणाला आधी श्रेणी द्यावी लागते आणि मग श्रेयांकांच्या भाराने सरासरी काढावी लागते. इराणी गुणांसाठी पुष्कळ ठिकाणी सोळाच्या वर ए, चौदापासून बी, बारापासून सी, दहापासून डी आणि त्याखाली नापास अशी विभागणी वापरतात. तिने पहिले सत्र मोजू. १४.५० ला बी, म्हणजे तीन श्रेयांकांचे ९. ११.७५ ला डी, म्हणजे ३. १७.०० ला ए, दोन श्रेयांकांचे ८. १०.०० ला डी, चार श्रेयांकांचे ४. ९.२५ ला शून्य आणि १८.५० ला ए, म्हणजे ४. बेरीज २८, भागिले १६, उत्तर १.७५. त्याच सत्राच्या १२.४४ ला नुसते पाचाने भागले तर २.४९ येते. एकाच मुलाचे एकाच सत्रातले हे दोन आकडे आहेत, आणि अर्ज वाचणाऱ्याला पट्टी माहीत नसेल तर पहिल्यात तो काढून टाकला जाईल आणि दुसऱ्यात त्याला बोलावणे येईल.

सलमा_दाभोळ

म्हणजे इथेही १.७५ आले! माझ्या भाच्याचे १.७५ चांगले आणि या मुलाचे १.७५ वाईट, असेच ना? मग त्याच्या कागदावर आकडा कोणत्या दिशेने चालतो हे कुठे लिहिलेले असते का? पुढे इथे नोंदणी करताना कोणी पुन्हा तोच घोळ घातला तर काय करायचे?

पात्रता_विभाग_निवृत्त

हो सलमाताई, तसेच. बहुतेक परदेशी गुणपत्रकांच्या मागच्या बाजूला किंवा तळाला गुणांची किल्ली छापलेली असते, आणि छायाप्रत काढताना लोक नेमकी मागची बाजू सोडून देतात. भाच्याला सांगा की दोन्ही बाजूंची प्रत द्यायची, आणि किल्ली छापलेली नसेल तर विद्यापीठाकडून तेवढ्या मजकुराचे वेगळे पत्र घेऊन ठेवायचे. किल्ली नसलेल्या कागदावर मात्र एखादा नापास विषय शोधावा. त्याचा आकडा ५.०० दिसला की दिशा कळते.

वैदेही_रत्नागिरी

सर्वांचे आभार. आज त्या फायलीतला चिकटलेला गठ्ठा उन्हात ठेवून सुटा केला, तेव्हा त्याच प्रिंटरचा आणखी एक तुकडा निघाला. त्यावर शेवटचे एकच सत्र आणि तळाचा एकूण आकडा आहे. पण इथे हिशेब वेगळा लागतो. एका ओळीत ३ आणि ११.५० आहे, आणि ते तीन श्रेयांक मिळालेले नाहीत, कारण घेतलेले ९ आणि मिळालेले ६ असे छापले आहे. बाकीच्या दोन ओळी १४.७५ आणि १६.०० च्या आहेत. एकूण श्रेयांक फक्त ३२. अण्णा, उत्तीर्णतेची रेषा दहावर असेल तर ११.५० नापास कसे?

कट्टेकर_मालवण

पाहा, मी म्हणत नव्हतो! म्हणजे हा दुसऱ्या देशाचा कागद आहे. पेरू धरला तरी अकराला उत्तीर्ण असते, हा तर साडेअकराला नापास झाला आहे. दोन कागद दोन देशांचे असतील तर पहिल्याबद्दलही पुन्हा विचार करायला हवा.

पात्रता_विभाग_निवृत्त

कट्टेकर, देश बदलण्याची गरज नाही, पायरी बदलली आहे. इराणमध्ये पदव्युत्तर पातळीवर विषयाची रेषा बारावर जाते आणि सत्र सरासरीची चौदावर. तिथल्या पदव्युत्तर शिक्षणाचे एकूण श्रेयांकही साधारण २८ ते ३२ असतात, म्हणून तुमचे ३२ त्याच चौकटीत बसतात. वैदेहीताई, या सत्राची सरासरी मोजून पाहा. तिन्ही विषय तीन श्रेयांकांचे असतील तर ११.५०, १४.७५ आणि १६.०० यांची बेरीज ४२.२५ आणि सरासरी १४.०८ येते. ती चौदाच्या जेमतेम वर आहे, म्हणून तिथे ‘प्रोब.’ छापलेले नसावे. तसे आहे का?

वैदेही_रत्नागिरी

१४.०८ च छापले आहे, आणि त्यापुढे काही नाही. कडेला ७९-१ असे आहे.

जहाजी_अलिबाग

म्हणजे १३७९, आपल्या २००० च्या शरद ऋतूतले. पहिल्या कागदावर पदवी १३७७ च्या आधी संपलेली दिसते, तेव्हा तोच माणूस दोन वर्षांनी पुढे शिकत असू शकेल. पण पहिल्या कागदावर काकांनी पेन्सिलीने आकडे काढले ते नोकरीसाठी. माणूस १९९८ ला आखातात नोकरीला निघाला असेल तर २००० ला तेहरानच्या वर्गात कसा? दोन वेगळी माणसे असावीत असे मला वाटते.

वैदेही_रत्नागिरी

काकांच्या आवक नोंदवहीत १९९८ ते २००२ ची पाने शाबूत आहेत, फक्त तिथे त्यांनी देशाऐवजी आखातातल्या कंपनीचे नाव लिहिलेले आहे. ज्या नोंदींपुढे २.६५ किंवा ६६.३५ लिहिले असेल त्या आधी शोधते.

सावंतवाडीकर

दुसऱ्या कागदाचेही त्रैराशिक करून ठेवा. काकांची रीत तीच असेल तर त्या तुकड्याच्या एकूण सरासरीला पाचाने गुणलेला आकडाही वहीत असायला हवा.

वैदेही_रत्नागिरी

एकूण सरासरीच्या जागी भोक आहे. टिंबानंतरचे ४१ एवढेच उरले आहे.

पात्रता_विभाग_निवृत्त

तरी चालेल. पदव्युत्तर पातळीवर एकूण सरासरीही सहसा चौदाच्या खाली जाऊ देत नाहीत. तेव्हा ती १४.४१, १५.४१, १६.४१ अशा मोजक्यांपैकीच असणार. पाचाने गुणून ७२.०५, ७७.०५ आणि ८२.०५ हे तीन आकडे वहीत शोधा. वरचे आकडे नंतर पाहता येतील, या सत्राचे गुण पाहता ते कमी संभवतात.